व्हिसा मिळाला, पण तारीख बदलली: आता काय करायचं आणि किती खर्च येणार?

व्हिसा हातात पडतो, तिकीट काढून झालेलं असतं, आणि नेमकं तेव्हाच घरात कुणीतरी आजारी पडतं, लग्नाची तिथी पुढे जाते किंवा रजा नाकारली जाते. मग पहिला प्रश्न असतो: व्हिसाची तारीख पुढे ढकलून मिळेल का? युरोपच्या शेंगेन व्हिसाबाबत उत्तर सरळ आहे. प्रवास सुरू होण्याआधी चिकटपट्टीवर छापलेली तारीख बदलून मिळत नाही. ना दूतावासात, ना अर्ज घेणाऱ्या केंद्रात, ना एजंटाकडे. तरीही बरेचदा नवा व्हिसा काढावा लागत नाही, कारण आहे त्याच व्हिसात थोडी जागा असते. ती किती आहे हे पाहता आलं, तर हजारो रुपये वाचतात.

हा लेख शेंगेन व्हिसापुरता आहे. कारण नंदुरबार, शहादा, तळोद्याकडून मुलांना भेटायला किंवा सहलीला युरोपात जाणाऱ्या कुटुंबांना याच व्हिसाच्या तारखा सर्वांत जास्त अडवतात. अमेरिकेचा पर्यटक व्हिसा भारतीयांना सहसा दहा वर्षांचा मिळतो, त्यामुळे सहल सहा महिने पुढे गेली तरी व्हिसाला धक्का लागत नाही. शेंगेनचा पहिला व्हिसा मात्र बहुतेकदा सहलीच्या मापानेच कापलेला असतो.

आधी चिकटपट्टी वाचा

पासपोर्टातल्या चिकटपट्टीवर चार गोष्टी पाहायच्या. ‘फ्रॉम’पुढे असते ती आत जाण्याची सर्वांत आधीची तारीख. ‘अन्टिल’पुढची तारीख ही बाहेर पडण्याची शेवटची मुदत. ‘ड्युरेशन ऑफ स्टे’ म्हणजे या दोन तारखांच्या दरम्यान आत राहण्याचे एकूण दिवस. आणि ‘नंबर ऑफ एन्ट्रीज’पुढे ०१ असेल तर एकदाच आत जाता येतं, ‘मल्ट’ असेल तर कितीही वेळा.

गोंधळ होतो तो दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यात. व्हिसा तीस दिवस चालणारा दिसतो, पण राहायला पंधराच दिवस मिळालेले असतात. उरलेले पंधरा दिवस फुकट गेले असं वाटतं. पण ते मुद्दाम दिलेले असतात. युरोपीय संघाच्या २००९च्या व्हिसा संहितेनुसार एका प्रवेशाच्या व्हिसात मुक्कामाच्या दिवसांवर पंधरा दिवसांची सवलत मुदत धरलेली असते. सार्वजनिक सुव्यवस्थेच्या कारणावरून एखादा देश ती नाकारू शकतो, पण सर्वसाधारणपणे ती मिळते. सहल थोडी मागेपुढे झाली तर माणूस अडकू नये, यासाठीच ही तरतूद आहे. तारीख बदलली की सर्वांत आधी हीच जागा तपासायची.

ही जागा फक्त पुढच्या बाजूला असते. ‘फ्रॉम’च्या आदल्या दिवशी पोहोचता येत नाही. विमान कंपनी मुंबईतच बसू देणार नाही. आदल्या रात्री मुंबईहून निघून ‘फ्रॉम’च्या दिवशी उतरणारं विमान चालतं, कारण मोजली जाते ती तिथे उतरण्याची तारीख.

एक उदाहरण, तारखांसह

समजा, शहाद्याचं एक साठीतलं जोडपं जर्मनीत नोकरी करणाऱ्या मुलाकडे जाणार आहे. जाण्याची तारीख १० मे, परतीची २४ मे. आत जाण्याचा आणि बाहेर पडण्याचा, दोन्ही दिवस मुक्कामात मोजले जातात, म्हणून मुक्काम पंधरा दिवसांचा. व्हिसा मिळाला तो असा: ‘फ्रॉम’ १० मे, ‘अन्टिल’ ८ जून, मुक्काम १५ दिवस, प्रवेश एक. २४ मेवर पंधरा दिवस चढवले की ८ जून येतो. हिशेब जुळला.

एप्रिलअखेरीस घरातल्या आजी घसरून पडतात, आणि निघणं लांबतं. आता तीन शक्यता आहेत.

पहिली, निघणं २३ मेवर गेलं. २३ मेपासून पंधरा दिवस ६ जूनला संपतात. ‘अन्टिल’ ८ जून आहे, म्हणजे पूर्ण पंधरा दिवस राहून दोन दिवस हाताशी ठेवून परत येता येतं. नवा व्हिसा नको, दूतावासाची परवानगी नको. पूर्ण मुक्कामासाठी आत जाण्याची शेवटची तारीख २५ मे आहे, कारण २५ मे ते ८ जून हे बरोबर पंधरा दिवस होतात. पण विमान रद्द झालं तर हातात काहीच उरत नाही, म्हणून शेवटच्या दिवसाला टेकून तिकीट काढू नका.

दुसरी, निघणं १ जूनवर गेलं. आता ८ जूनपर्यंत आठच दिवस मिळतील. चिकटपट्टीवर १५ लिहिलेलं आहे म्हणून १५ जूनपर्यंत राहता येईल, असं समजणं ही या विषयातली सर्वांत महाग पडणारी चूक आहे. मुक्कामाचे दिवस आणि ‘अन्टिल’ यांतलं जे आधी संपेल, ते लागू होतं. आठ दिवसांत भागत असेल तर जावं. भागत नसेल तर नवा अर्ज. आणि तो अर्ज करताना जुना व्हिसा अजून चालू आहे हे लक्षात घ्यावं लागतं. त्याबद्दल पुढे.

तिसरी, सहल थेट ऑक्टोबरवर गेली. आता जुन्या व्हिसाचा काही उपयोग नाही. तो ८ जूनला आपोआप संपेल. त्यासाठी कुठे जायचं नाही, काही भरायचं नाही. ऑक्टोबरसाठी नवा अर्ज, नवी फी.

मुदतीत बसत असेल तर कागद नवे करा

नवी सहल जुन्या व्हिसात बसली, तर काम उरतं ते कागदांचं. व्हिसा असला तरी सीमेवरचा अधिकारी परतीचं तिकीट, विमा, राहण्याची सोय आणि येण्याचं कारण विचारू शकतो. त्याच्यासमोर जुन्या तारखांचे कागद ठेवले तर प्रश्न वाढतात.

विमा सर्वांत आधी बदला. शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतं आणि ते मुक्कामाच्या सगळ्या दिवसांचं असावं लागतं. पॉलिसी सुरू होण्याच्या तारखेआधी कळवलं तर विमा कंपन्या सहसा तारखा पुढे करून देतात. ती तारीख उलटली की पॉलिसी वापरली गेली असं धरतात आणि नवी घ्यावी लागते. म्हणून प्रवास लांबणार असं दिसताच विमा कंपनीला ई-मेल करा, नवी तारीख नंतर कळवली तरी चालेल का हेही त्यातच विचारा. मुलाने दिलेलं आमंत्रणपत्र जुन्या तारखांचं असेल तर नव्या तारखांचं साधं पत्र त्याच्याकडून मागवून घ्या.

मुख्य मुक्कामाचा देश मात्र बदलू नका. व्हिसा २९ देशांत चालत असला तरी तो जिथे सर्वांत जास्त दिवस राहणार त्या देशाकडून घेतलेला असतो. जर्मनीचा व्हिसा घेऊन, तारीख बदलल्यावर सगळे दिवस इटलीत काढायचे ठरवले, तर व्हिसा घेताना दिलेलं कारण खरं होतं का, अशी शंका येते. अधिकाऱ्याला व्हिसा देण्याच्या अटी आता पूर्ण होत नाहीत असं वाटलं, तर तो सीमेवरच रद्द होऊ शकतो.

जुना व्हिसा चालू असताना नवा हवा असेल तर

वरच्या दुसऱ्या शक्यतेत ही अडचण येते. एकाच काळासाठी दोन शेंगेन व्हिसा एका माणसाकडे ठेवत नाहीत. १ ते १५ जूनसाठी नवा अर्ज केला आणि जुना ८ जूनपर्यंत चालू असेल, तर ते आठ दिवस दोघांत येतात. अशा वेळी जुना व्हिसा स्वतःहून रद्द करण्याची विनंती करता येते. व्हिसा संहितेच्या कलम ३४मध्ये धारकाच्या विनंतीवरून व्हिसा मागे घेण्याची सोय आहे.

विनंतीचा अर्ज साधा असतो. नाव, पासपोर्ट क्रमांक, व्हिसा चिकटपट्टीचा क्रमांक, प्रवास का झाला नाही याचं एका वाक्यातलं कारण, आणि ‘हा व्हिसा मी वापरलेला नाही, तो माझ्या विनंतीवरून मागे घ्यावा’ ही ओळ. सोबत कारणाचा कागद जोडा, जसं रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड. हे पत्र नव्या अर्जासोबत द्यायचं की आधी ई-मेल करायचं, हे देशागणिक वेगळं असतं. म्हणून आधी त्या देशाच्या मुंबईतल्या वाणिज्य दूतावासाला ई-मेलवर विचारा आणि उत्तराची प्रत जपून ठेवा. मागे घेतलेल्या व्हिसावर शिक्का मारून तो खोडतात. असं स्वतःहून मागे घेणं म्हणजे व्हिसा नाकारला जाणं नव्हे.

चिकटपट्टी स्वतः खोडायची नाही, उचकटायची नाही. पासपोर्टाचं पान खराब झालं तर नवा पासपोर्ट काढायची वेळ येते.

खर्चाचा हिशेब

व्हिसा फी मोठ्यांसाठी ९० युरो आहे, सहा ते बारा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी ४५ युरो, सहा वर्षांखालच्यांना फी नाही. हे दर ११ जून २०२४पासून लागू आहेत. व्हिसा वापरला नाही, म्हणून ही फी परत मिळत नाही. अर्ज तपासण्याची ती फी आहे आणि ते काम होऊन गेलेलं असतं. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. ते सर्वसाधारणपणे व्हिसा फीच्या निम्म्याहून जास्त नसावं, असा नियम आहे. कुरिअर, एसएमएस, प्रीमियम लाउंज या ऐच्छिक सेवा आहेत. नको असतील तर काउंटरवर नको म्हणा.

आता त्या जोडप्याचा हिशेब मांडू. सोयीसाठी एक युरो १०० रुपये आणि तिकीट बदलण्याचा दंड माणशी ८,००० रुपये धरला आहे. तुमच्या तिकिटाचा आकडा इथे घाला.

सहल २३ मेवर गेली तर: दोघांच्या तिकिटाचा बदल १६,००० रुपये, शिवाय भाड्यात फरक असेल तर तो. विमा वेळेत कळवला तर तारीख बदलण्याला फारसा खर्च नाही. एकूण साधारण १६,००० रुपये.

सहल ऑक्टोबरवर गेली तर: तिकिटाचे तेच १६,०००, व्हिसा फी दोघांची १८,०००, सेवाशुल्क माणशी २,५०० धरलं तर ५,०००. वर मुंबईची खेप. शहाद्याला रेल्वे नाही, त्यामुळे नंदुरबार किंवा दोंडाईचाला येऊन गाडी धरा, नाहीतर रात्रीची बस. जाऊन येऊन आणि एक मुक्काम धरला तर दोघांचे ५,००० ते ६,००० रुपये. एकूण ४४,००० ते ४५,०००.

जर्मनीत मुलाने खर्चाची हमी घेतली असेल तर आणखी एक कागद येतो. तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयातून मिळणारं हे हमीपत्र अर्ज करताना सहसा सहा महिन्यांच्या आतलं असावं लागतं. मार्चमध्ये घेतलेलं पत्र ऑक्टोबरच्या तोंडावर केलेल्या अर्जाला चालणार नाही. नवं घ्यायला मुलाला २९ युरो आणि कार्यालयाची अपॉइंटमेंट लागेल.

मुंबईची खेप काही वेळा वाचते. बोटांचे ठसे मागच्या ५९ महिन्यांत दिलेले असतील, तर ते जुन्या नोंदीतून घेता येतात. काही देशांच्या केंद्रांवर मग अधिकृत प्रतिनिधीकडून अर्ज देता येतो. धडगाव किंवा मोलगीहून निघणाऱ्याला ही सोय फार मोलाची आहे, म्हणून अपॉइंटमेंट घेण्याआधी नक्की विचारा.

नवा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो द्यावाच लागतो. निकालाला साधारण पंधरा दिवस, पण ४५ दिवसांपर्यंत लागू शकतात. ऑक्टोबरच्या सहलीसाठी जुलैमध्ये अर्ज करणं शहाणपणाचं.

न वापरलेला व्हिसा पुढे आड येतो का?

नाही, लपवला नाही तर. पुढच्या अर्जाच्या पत्रात दोन ओळी लिहा: अमुक तारखांचा व्हिसा मिळाला होता, अमुक कारणाने प्रवास झाला नाही, कागद सोबत आहे. सगळ्या शेंगेन देशांची व्हिसा नोंद एकाच यंत्रणेत असते, त्यामुळे लपवून काही साधत नाही.

एक नुकसान मात्र होतं, आणि ते पुढच्या वर्षांत जाणवतं. १८ एप्रिल २०२४पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी युरोपीय संघाने वेगळा नियम लागू केला. मागच्या तीन वर्षांत दोन व्हिसा घेऊन ते नियमाप्रमाणे वापरले असतील, तर पुढचा व्हिसा दोन वर्षांचा, अनेक प्रवेशांचा मिळू शकतो, आणि त्यानंतर पासपोर्टाची मुदत असेल तर पाच वर्षांचा. इथे महत्त्वाचा शब्द ‘वापरले’ हा आहे. न वापरलेला व्हिसा या मोजणीत धरला जात नाही. मुलगा युरोपात राहतो आणि दर दोन वर्षांनी जायचं आहे अशा आईवडिलांना एक छोटी सहल पूर्ण करणं पुढे फायद्याचं ठरतं. म्हणून १ जूनच्या शक्यतेत आठ दिवसांची सहल करावी की ४५,००० खर्चून ऑक्टोबरला पंधरा दिवसांची करावी, हे ठरवताना हाही मुद्दा तोलायचा.

तिथे गेल्यावर अडकलात तर

आत गेल्यावर मात्र मुदतवाढीची सोय आहे, पण अरुंद. विमानसेवा बंद पडणं किंवा गंभीर आजार अशा अनिवार्य किंवा मानवतेच्या कारणासाठी मुदतवाढ फुकट मिळते. गंभीर वैयक्तिक कारण असेल तर ३० युरो पडतात. अर्ज स्थानिक कार्यालयात ‘अन्टिल’ संपायच्या आत करावा लागतो. मुलाकडे अजून राहावंसं वाटतं हे कारण चालत नाही. मुदत उलटून राहिल्याची नोंद होते आणि पुढचा व्हिसा अडतो.

तिकीट, टूर आणि एजंट

‘नॉन-रिफंडेबल’ तिकीट म्हणजे एक रुपयाही परत नाही, असं नसतं. विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार तिकीट रद्द केलं किंवा प्रवास झालाच नाही, तरी सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क प्रवाशाला परत मिळायला हवं. रद्द करण्याचा दंड मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त घेता येत नाही. तिकीट एजंटाकडून घेतलं असलं तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीची. परदेशी कंपन्यांना परताव्याच्या पद्धतीत त्यांच्या देशाचे नियम लागू होतात, म्हणून तिकीट काढतानाच अट वाचा. आणि विमान सुटण्याआधी तिकीट रद्द करा किंवा बदला. न कळवता गैरहजर राहिलं की परतीचं तिकीटही बहुधा रद्द होतं.

टूर पॅकेज घेतलं असेल तर त्यावर कापलेला टीसीएस बुडत नाही. पॅन क्रमांकावरच्या फॉर्म २६एएसमध्ये तो दिसतो आणि आयकर विवरणपत्र भरताना वळता होतो किंवा परत मिळतो. एजंट परताव्यातून तो वजा करत असेल तर तो तुमच्या पॅनवर भरल्याचा पुरावा मागा.

‘ओळख आहे, डेट चेंज करून देतो’ असं कुणी म्हणालं तर एक पैसाही देऊ नका. चिकटपट्टीवर खाडाखोड म्हणजे बनावट दस्तऐवज, आणि तो सापडतो तेव्हा पासपोर्टधारकालाच उत्तर द्यावं लागतं. एजंटाकडून व्हिसा फी, केंद्राचं शुल्क आणि त्याची स्वतःची फी यांची वेगवेगळी पावती घ्या. एकगठ्ठा रक्कम देऊन बसलात तर परत काय मागायचं हेच कळत नाही.

परत मिळायला हवे ते पैसे अडकले असतील तर आधी लेखी मागणी करा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५वर तक्रार नोंदवा. तेवढ्याने भागलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. एजंट मुंबईचा असला तरी नंदुरबारच्या आयोगात दाद मागता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची.

तारीख बदलली की पहिल्या दोन दिवसांत

चिकटपट्टीचा फोटो काढून नवी जाण्याची तारीख, मुक्कामाचे दिवस आणि ‘अन्टिल’ कागदावर मांडा. बसत असेल तर तिकीट आणि विमा बदला, नवं आमंत्रणपत्र मागवा, आणि शेवटचे दोन दिवस मोकळे ठेवा. बसत नसेल तर विमा सुरू होण्याआधी कंपनीला कळवा, तिकीट विमान सुटण्याआधी बदला, कारणाचा कागद फाइलला लावा. नव्या प्रवासाच्या तारखा जुन्या व्हिसाच्या मुदतीत येत असतील तरच तो मागे घेण्याची विनंती करा. नसतील तर तो आपोआप संपू द्या.

व्हिसाची फी गेली ती गेली. पण विमा, तिकिटावरचे कर आणि टीसीएस हे पैसे तुमचे आहेत, आणि ते वेळेत मागणाऱ्यालाच मिळतात.